डावीकडून पहिल्या घरात कोण?

बँकेच्या परीक्षेत जो पास होतो तो बँकेत जातो, आणि जो होत नाही तो क्लासमध्ये शिकवायला जातो. ही व्यवस्था कुणी लावून दिली मला माहीत नाही, पण घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ती बिनबोभाट चालू आहे. मी दुसऱ्या गटातली. परीक्षा देता देता वयाची अट ओलांडली, तेव्हा नातेवाईकांनी हळहळ व्यक्त केली आणि मम्मीने माझी सगळी गाईडं माळ्यावर टाकली. मी मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायला लागले. लोकांना "उपाशीपोटी आलात ना?" असं विचारायचं काम. त्यासाठी मी पदवी घेतली होती हे ऐकून कुणालाही बरं वाटलं असतं.

पण रविवारी मी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत पोरांना रीझनिंग शिकवायचे, आणि तिथे मला एक गोष्ट कळली होती. मला बँकेत जायचंच नव्हतं. मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं. हे कळायला इतक्या परीक्षा नापास व्हावं लागलं, याबद्दल माझी तक्रार नाही, म्हणजे आहेच, पण कुणाकडे करणार? तर घाटकोपर पूर्वेच्या एका क्लासला रीझनिंगसाठी शिक्षक पाहिजे आहे असं समजलं, तेव्हा मी लॅबमध्ये डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि डेमो लेक्चर द्यायला निघाले. ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती की जाताना मी मम्मीला काहीच सांगितलं नाही.

क्लास फरसाणच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना तळलेल्या बेसनाचा वास येत होता आणि जिन्याच्या भिंतीवर पास झालेल्या मुलामुलींचे फोटो लागलेले. सगळ्यात वर, सगळ्यात मोठा फोटो डायरेक्टर सरांचा. सर कुठल्या परीक्षेत पास झाले होते हे त्या फोटोखाली लिहिलं नव्हतं. विचारण्याची पद्धत नव्हती.

सर केबिनमध्ये टाय लावून बसले होते. आधीच्या शिक्षकाचं काय झालं, असं मी विचारलं तर त्यांचा चेहरा पडला. "पास झाला तो," ते म्हणाले. "बँकेत लागला. मॅडम, आपण माणसं तयार करायची आणि ती अशी निघून जातात." माझ्याकडून त्यांना तो धोका नव्हता, एवढं मी सांगितलं. सर खूश झाले.

मग त्यांनी एक शीट पुढे सरकवली. पाच घरांचं पझल. रीझनिंगच्या पेपरात हे हमखास असतं: एका रांगेत पाच घरं, प्रत्येकाचा रंग वेगळा, राहणारा वेगळा, त्याचं पेय वेगळं, आणि अर्धवट माहिती देणारी वाक्यं. त्यावरून कोण कुठे राहतं आणि काय पितं हे शोधायचं. खऱ्या आयुष्यात शेजाऱ्यांची एवढी चौकशी केली तर सोसायटीची नोटीस येईल, पण बँकेला असेच लोक लागतात म्हणे.

"हे माझं स्वतःचं डेव्हलपमेंट आहे," सर म्हणाले. "मूळ प्रश्नात एक वाक्य होतं, निळं घर डावीकडून पहिलं आहे. ते मी काढून टाकलं. कशाला पोरांना आयतं द्यायचं? आता बघा, प्रत्येक वाक्यात दोन गोष्टींची जोडी आहे. घराचा नंबर कुठेच नाही. ॲडव्हान्स लेव्हल. सिलेक्शन टेस्टला हेच दिलं होतं, मॅडम. हाहाकार झाला."

हाहाकार झाला हे ते ज्या अभिमानाने म्हणाले, त्यावरून मला क्लासच्या ध्येयधोरणाची बरीचशी कल्पना आली. सिलेक्शन टेस्ट म्हणजे काय तेही त्यांनीच सांगितलं. तिच्यावरून सकाळच्या बॅचमध्ये कोण बसणार ते ठरायचं. सकाळची बॅच सरांची लाडकी, तिला रोज सराव पेपर, एसी खोली. बाकीचे दुपारी, पंख्याखाली.

डेमो दुपारच्या बॅचसमोर होता. मी आत गेले तोवर एका उत्साही मुलाने फळ्यावर माझ्यासाठी टेबल आखून ठेवलं होतं. वर एक ते पाच घरांचे नंबर, डाव्या बाजूला खाली खाली रंग, माणूस, पेय. मध्ये पंधरा रिकामे चौकोन. सर मागच्या बाकावर आन्सर की घेऊन बसले. मी शीटवरची वाक्यं मोठ्याने वाचली.

शिक्षिका लाल घरात राहते. शिंपी कॉफी पितो. हिरव्या घरात कॉफी प्यायली जाते. वकील पांढऱ्या घरात राहतो. वकील दूध पितो. नर्स ताक पिते. पिवळ्या घरात सरबत प्यायलं जातं. निळं घर लाल घराच्या शेजारी आहे. लाल घर पांढऱ्या घराच्या शेजारी आहे. शिंपी वकिलाच्या शेजारी राहतो. सरबत पिणारा कॉफी पिणाऱ्याच्या शेजारी राहतो. पाचवा माणूस कंडक्टर आणि पाचवं पेय चहा, त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. कंडक्टरकडे कुणी लक्ष देत नाही हे या पझलमधलं एकमेव वास्तव होतं.

"आता या टेबलात पहिलं वाक्य कुठे लिहाल?" मी विचारलं.

"पहिल्या घरात!" सगळे एका सुरात ओरडले.

"का?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मग त्या उत्साही मुलाने समजावून सांगितलं, "मॅडम, सरांची मेथड आहे ना. पहिलं वाक्य पहिल्या घरात टाकायचं. नाही बसलं की एक घर पुढे सरकवायचं. जिथे सगळं बसेल तिथे स्टॉप. आन्सर आला."

मी मागे बघितलं. सरांनी मान हलवली, पेटंट आपल्याच नावावर असल्यासारखी.

मी डस्टर उचलला आणि ते टेबल पुसलं. वर्गातून एक हुंकार निघाला. नंबरांचं टेबल वाईट नसतं, मी त्यांना म्हटलं, पण वाक्यात नंबर असतील तर. इथे एकाही वाक्यात नंबर नाही. मग पंधरा चौकोनांपैकी एकातही आपण हक्काने काही लिहू शकत नाही. जे लिहू तो तुक्का. वाक्यं ज्याची जोडी लावतात त्याचंच टेबल मांडायचं.

आणि मी मांडलं. वर पाच माणसं आणि त्यांच्या पुढे पाच पेयं. डावीकडे खाली खाली पाच रंग, आणि त्या रंगांच्या खाली पुन्हा तीच पाच पेयं. म्हणजे रंग आणि माणूस यांचा पाच बाय पाचचा एक चौकोन, त्याच्या उजवीकडे रंग आणि पेय यांचा दुसरा, आणि पहिल्याच्या खाली पेय आणि माणूस यांचा तिसरा. चौथी जागा मोकळी, कारण पेयाची पेयाशी जोडी लावून काय मिळणार? आकार जिन्याच्या पायरीसारखा होतो. जोडीच्या प्रत्येक वाक्याला आता स्वतःचा एक चौकोन होता. शिक्षिका आणि लाल जिथे भेटतात तिथे बरोबरची खूण. आणि तिथे थांबायचं नाही, हे मी दोनदा सांगितलं. बरोबर केलं की त्याच आडव्या रांगेत आणि त्याच उभ्या रांगेत उरलेल्या सगळ्या चौकोनांत फुली. शिक्षिका लाल घरात आहे म्हणजे ती दुसऱ्या कुठल्याच घरात नाही, आणि लाल घरात दुसरं कुणी नाही. पोरं फुल्या मारायला कंटाळतात. त्यांना बरोबरच्या खुणेत रस असतो. पण सगळी गंमत फुल्यांत असते.

शिंपी कॉफी पितो, कॉफी हिरव्या घरात, म्हणजे शिंपी हिरव्या घरात. वाक्यात हे लिहिलेलं नाही, टेबल सांगतं. वकील पांढऱ्या घरात. उरली नर्स आणि कंडक्टर, उरली निळं आणि पिवळं ही घरं. आता वर्ग अडला. मी थांबले. मला ती शांतता आवडते, त्यात डोकी चालत असतात.

"नर्स काय पिते?" मी विचारलं.

"ताक."

"पिवळ्या घरात काय पितात?"

"सरबत."

"मग?"

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. सावळी, केस घट्ट बांधलेले, वही इतकी जवळ धरलेली की जणू कुणी हिसकावून घेईल. "म्हणजे ताकाची पिवळ्यासमोर जी फुली आहे ना," ती म्हणाली, "ती नर्सला पण लागते."

बस. हे तिने म्हटलं आणि मला इतका आनंद झाला की लॅबच्या काउंटरवर वर्षभरात तेवढा झाला नव्हता. फुली पुढे न्यायची. जे ताकाला लागू ते नर्सला लागू, कारण आता ती दोघं एकाच घरात आहेत. नर्स निळ्या घरात, कंडक्टर पिवळ्यात, चहा उरला तो शिक्षिकेला. तिन्ही चौकोन भरले, आणि अजून एकदाही घराचा नंबर लिहावा लागला नव्हता.

मग मी शेजारची वाक्यं घेतली. ती टेबलात बसत नाहीत, त्यांची बाजूला साखळी करायची. निळं लालच्या शेजारी. लाल पांढऱ्याच्या शेजारी. शिंपी वकिलाच्या शेजारी, म्हणजे हिरवं पांढऱ्याच्या शेजारी. सरबत कॉफीच्या शेजारी, म्हणजे पिवळं हिरव्याच्या शेजारी. निळं, लाल, पांढरं, हिरवं, पिवळं. सुरेख सरळ रांग झाली.

आणि तिथे माझी वाट लागली. कारण शीटवरचा प्रश्न होता: डावीकडून पहिल्या घरात कोण राहतं?

शेजारी म्हणजे डावीकडेही आणि उजवीकडेही. ती रांग निळ्यापासून सुरू करा नाहीतर पिवळ्यापासून, सगळी वाक्यं दोन्हीकडून खरी ठरतात. सरांनी काढून टाकलेलं ते एकच वाक्य रांगेची दिशा ठरवत होतं. ते गेलं आणि आता रांगेला दोन्ही टोकं सारखी. पहिल्या घरात नर्स असेल किंवा कंडक्टर. मधल्या घरात वकील हे नक्की, चहा शिक्षिका पिते हेही नक्की, पण पहिलं घर कुणाचं हे त्या शीटवरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सरांच्या मेथडने शिक्षिकेला पहिल्या घरात टाकलं तर बसत नाही, कारण लालला दोन शेजारी लागतात. दुसऱ्या घरात टाकलं की सगळं चपखल बसतं, आणि तिथे स्टॉप. पुढे चौथ्या घरातही बसतं हे बघायला कुणी थांबतच नाही. पोहोचल्यावर पुढचं स्टेशन कोण बघतो?

माझ्या हातात खडू होता, मागे सर होते, आणि त्यांच्या मांडीवरच्या कीमध्ये 'नर्स' लिहिलेलं असणार हे मला न बघता कळत होतं. नर्स म्हणून टाकलं असतं तर काय बिघडत होतं? पण हाताने दोन रांगा लिहिल्या, एक इकडून, एक तिकडून. "दोन्ही बरोबर आहेत," मी म्हटलं. "एवढ्या माहितीवर पहिलं घर ठरत नाही."

सर उठले. "थँक यू, मॅडम," असं म्हणाले, ज्या सुरात माणूस रिक्षावाल्याला 'इथेच सोडा' म्हणतो. बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं. "मॅडम, नॉलेज मस्त आहे. पण दोन-दोन आन्सर नका देऊ. पोरं कन्फ्यूज होतात. फी भरून कन्फ्यूज व्हायला कोण येईल?"

मी घरी आले आणि जेवले नाही. मम्मीने विचारलं तर खरंच डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पण फोन आला. दुसरं कुणी मिळालं नसणार. सोमवारपासून या, दुपारची बॅच. मी लॅबमध्ये नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. तिथल्या सरांना माझं नावही नीट आठवेना, त्यामुळे निरोप समारंभ थोडक्यात झाला. मम्मीला सांगितलं, आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंना "आमची शिक्षिका झाली" असं सांगताना मी तिला ऐकलं. बँकेचं नाव न घेता ती माझ्याबद्दल बोलल्याची ती पहिलीच वेळ.

सोमवारी सर स्वतः माझी ओळख करून द्यायला वर्गात आले. टाय वेगळा होता. "त्या दिवशीचं पझल आठवतंय ना?" ते म्हणाले. "पाच घरांचं. त्याच्यात मी मुद्दाम एक क्लू कमी ठेवला होता. डेमोला येणारा पकडतो की नाही, टेस्ट घ्यायला. आतापर्यंत कुणी पकडलं नव्हतं. मॅडमनी पकडलं! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मी त्या माणसाकडे कौतुकाने बघत राहिले. खरंच. चुकीला उचलून तिची परीक्षा करणं हे सोपं नाही, त्याला अंगात डायरेक्टरकी लागते. मला काय फरक पडत होता? चूक त्यांची राहो की युक्ती होवो, फळा माझा होता. मी हसले. टाळ्या स्वीकारल्या. खडूचं नवं कोरं खोकं माझ्या हातात होतं आणि मला वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावर तोच हात वर झाला.

"सर, मुद्दाम होतं तर मग ते सिलेक्शन टेस्टमध्ये कसं काय होतं?" ती म्हणाली. "मी त्यात कंडक्टर लिहिलं होतं. माझा आन्सर चुकीचा धरला. एका मार्काने माझी मॉर्निंग बॅच गेली."

वर्गात कुणीतरी "आयला" म्हणालं. सरांचं हसू चेहऱ्यावरच होतं, फक्त त्याच्या आतला माणूस निघून गेला होता. पण डायरेक्टर उगाच होत नाहीत. त्यांनी माझ्याकडे हात केला. "डाउट मॅडमनी सॉल्व्ह करायचा. आता त्या तुमच्या फॅकल्टी आहेत. सांगा मॅडम, टेस्टमध्ये आन्सर की फायनल असते ना?"

हा प्रश्न नव्हता, हे मला समजत होतं. मी 'हो' म्हणायचं होतं, एवढंच. मुलगी खाली बसली असती, मी उद्या आले असते, परवा आले असते. मम्मीने काकूंना सांगितलेलं खरं राहिलं असतं. मला ते 'हो' म्हणायचं होतं, अगदी मनापासून.

"तुझा पेपर आहे?" मी मुलीला विचारलं.

होता. अशा मुलींकडे असतोच. तिने टेबल तसंच मांडलं होतं, माणसं, रंग, पेयं, पायरीसारखं, कुणी न शिकवता, थोडं वाकडं. फुल्याही मारल्या होत्या. मग साखळी करून ती सरबताकडून लिहिली होती. एक पिवळं, दोन हिरवं, तीन पांढरं, चार लाल, पाच निळं. आणि त्यावर लाल पेनाची एक आडवी रेघ.

मी ती पाच घरं फळ्यावर लिहिली आणि शीटवरची वाक्यं पहिल्यापासून वाचायला लागले. प्रत्येक वाक्याला वर्गाला विचारायचे, बसतं का? शिक्षिका लाल घरात, चौथ्यात, बसतं. शिंपी, कॉफी, हिरवं, तिन्ही दुसऱ्यात, बसतं. वकील, दूध, पांढरं, मधोमध, बसतं. नर्स, ताक, शेवटच्या घरात, बसतं. सरबत पहिल्यात, बसतं. निळं लालच्या शेजारी, पाच आणि चार, बसतं. सुरुवातीला दोन-चारच जण म्हणत होते. शेवटी शेवटी सगळा वर्ग ओरडत होता. ओरडायची त्यांना सवय होतीच. एकही वाक्य राहिलं नाही.

"कीमधलं नर्स बरोबर आहे," मी म्हटलं. "आणि हिचं कंडक्टरही तेवढंच बरोबर आहे. प्रश्नात एक वाक्य कमी आहे. तिच्या उत्तरात काही कमी नाही."

तिच्या पेपरवरची रेघ मी खोडली नाही, तो अधिकार माझा नव्हता. पेपर तिला परत दिला. मागे बघितलं तर सर नव्हते. दार हळूच लागलं होतं. राहिलेला तास मी शिकवलं, आणि सांगायला हरकत नाही, झकास शिकवलं.

तास संपल्यावर केबिनमध्ये आधी त्या मुलीला आणि मग मला बोलावणं आलं. सर रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला होता. "मॅडम, तुमचं नॉलेज टॉप आहे," ते म्हणाले, "पण आपल्याला टीममध्ये चालणारा माणूस पाहिजे. उद्यापासून रीझनिंग मीच घेईन म्हणतो." मग समजूत घालायला पुढे म्हणाले, "आणि त्या मुलीला मॉर्निंगला टाकलंय. स्पेशल केस म्हणून. कुणाकडे बोलू नकोस म्हटलंय तिला. सगळ्यांचे पेपर परत तपासायला लागले तर माझं काय होईल, विचार करा."

मी विचार केला. चहा प्यायले. तो चांगला होता. माझी अध्यापनाची कारकीर्द फरसाणच्या दुकानावर एका दुपारी सुरू होऊन त्याच दुपारी संपली होती, आणि वर चहाही मिळाला होता. लोकांना एवढंही मिळत नाही. खडूचं खोकं मी टेबलावर ठेवलं. बोटांना पांढरी पूड होती, ती पुसावीशी वाटली नाही.

जिन्यात ती मुलगी उभी होती. मला बघून ती दोन पायऱ्या वर धावत आली. "मॅडम, मी मॉर्निंगला आले! सर म्हणाले, स्पेशल केस. मी मम्मीला फोन पण केला." तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिच्याकडे बघवेना. मग ती म्हणाली, "आता रीझनिंगला तुम्हीच येणार ना सकाळी? मॅडम, ती फुली पुढे न्यायची म्हणजे, मला तेव्हा सुचलं, पण प्रत्येक वेळी सुचत नाही. त्याची काही मेथड आहे का?"

आहे. मेथड आहे, आणि ती मला येते, आणि ती शिकवायलाच मी इथे आले होते. सकाळी सर येतील, मी नाही, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्याच्याने ते बोलवलं नाही. मी तिच्या हातातली वही घेतली. तिच्याकडून पेन घेतलं. तिथेच, त्या पास झालेल्या लोकांच्या फोटोंखाली, वही भिंतीला टेकवून मी पायरीसारखं टेबल आखलं आणि म्हटलं, "हे बघ. एक बरोबरची खूण झाली की ती दोघं एक झाली असं समजायचं. मग एकाच्या रांगेत जेवढ्या फुल्या असतील तेवढ्या दुसऱ्याच्या रांगेत उतरवायच्या. न विसरता, दर वेळी."

वर जाणारे लोक बाजूने जात होते, आम्ही अंग चोरून उभ्या राहिलो. ती एकेक फुली उतरवत होती आणि मी बघत होते. मला रडू येत होतं, पण टेबल पूर्ण भरेपर्यंत मी तिला जाऊ दिलं नाही.